गव्हाळ आणि सावळ्या रंगावर लिपस्टिक राखट का दिसते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत नवरीचा मेकअप करताना आणि मारुती रोडच्या दुकानांत गिऱ्हाइकांसोबत शेड निवडताना मला सारखे विचारले जाणारे हे प्रश्न आहेत. बहुतेकींची तक्रार एकच असते: “ट्यूबमध्ये छान दिसत होती, लावल्यावर आजारी असल्यासारखी दिसते.” म्हणून सुरुवात तिथूनच करते.

लावल्यावर रंग राखट दिसतो म्हणजे नेमकं काय होतं?

फिकट गुलाबी, पीच किंवा न्यूड शेड बनवायची असेल तर कंपनी लाल-तपकिरी रंगद्रव्यात पांढरं मिसळते. हे पांढरं म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. शेड जितकी फिकट तितकं ते जास्त. गोऱ्या कातडीचा ओठ मुळात गुलाबी आणि उजळ असतो, त्यामुळे तिथे हे पांढरं खपून जातं. आपला ओठ तपकिरी किंवा जांभळट असतो. त्याच्यावर पांढऱ्याचा पातळ थर बसला की खालचा गडदपणा त्यातून डोकावतो आणि रंगाला करडी, किंचित निळसर झाक येते. काळ्या पाटीवर खडू अर्धवट पुसला की जो रंग उरतो, तोच हा.

सनस्क्रीन लावल्यावर चेहऱ्यावर पांढुरका थर दिसतो, त्याचं कारणही हेच आहे. तिथे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. फाउंडेशन एक शेड उजळ घेतलं की मान आणि चेहरा वेगळे दिसतात, तेही यामुळेच.

मॅट लिपस्टिकमध्ये आणखी एक भर पडते. तिचा पृष्ठभाग कोरडा आणि खरबरीत राहतो, त्यावर प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि रंग मूळ रंगापेक्षा फिका वाटतो. ओल्या मातीचा रंग गडद आणि वाळलेल्या मातीचा फिका का दिसतो, हे ज्याला कळतं त्याला मॅटचा हा गुण वेगळा समजवावा लागत नाही.

अंडरटोन म्हणजे काय? उन्हात काळं पडल्यावर तो बदलतो का?

कातडी किती गडद आहे ही एक गोष्ट, आणि त्या रंगाच्या आत कुठली झाक आहे ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीला अंडरटोन म्हणतात. कुणाच्या गव्हाळपणात पिवळा-सोनेरी असतो, तो वॉर्म. कुणाच्या सावळेपणात लालसर किंवा निळसर असतो, तो कूल. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर न्यूट्रल. आणि आपल्याकडे भरपूर दिसणारा, पण दुकानात फारसा कुणी न सांगणारा चौथा प्रकार म्हणजे ऑलिव्ह. यात पिवळ्यामागे हलकी हिरवट झाक असते.

स्कूटीवर रोज मिरज-सांगली केल्याने किंवा द्राक्षबागेत उभं राहिल्याने चेहरा गडद होतो, झाक फारशी बदलत नाही. म्हणून अंडरटोन गालावर बघू नका. गालावर ऊन, वांग, तोंडाभोवतीचा काळपटपणा असं सगळं साचलेलं असतं. हनुवटीच्या खाली, जबड्याची कड जिथे मानेला मिळते तिथे किंवा गळ्याखाली बघा.

एक गैरसमज इथेच सांगते. “आपण भारतीय म्हणजे वॉर्मच” असं काउंटरवर सर्रास ठोकून देतात. खरं नाही. चांगल्या सावळ्या मुलींमध्ये कूल अंडरटोन पुष्कळ असतो, आणि त्यांना केशरी-तपकिरी शेड गळ्यात बांधली की चेहरा मातकट दिसतो.

मनगटाच्या शिरा बघून कळतं म्हणतात. हिरव्या असतील तर वॉर्म, निळ्या असतील तर कूल?

गोऱ्या कातडीवर अंदाजाला ठीक. गव्हाळ आणि सावळ्या कातडीत मेलॅनिन मधे येतं, बहुतेकींच्या शिरा हिरवट दिसतात किंवा दिसतच नाहीत. एवढ्यावर शेड घेऊ नका. सोनं-चांदीची परीक्षाही मी फारशी धरत नाही, कारण आपल्याला सोनं बघायची इतकी सवय असते की तेच शोभतं असं वाटतं.

मग घरी कसं ओळखायचं?

दोन लाल लिपस्टिक लागतात, विकत घ्यायची गरज नाही, बहिणीच्या, मावशीच्या डब्यात सापडतात. एक शेंदराकडे झुकणारी लाल, दुसरी डाळिंबाकडे किंवा राणी रंगाकडे झुकणारी लाल. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असं बसा. चेहरा धुतलेला, सनस्क्रीन नाही, टिकली काढलेली. गळ्याभोवती पांढरा टॉवेल, म्हणजे कपड्याचा रंग चेहऱ्यावर पडणार नाही.

आधी शेंदरी लाल लावून आरशापासून दोन हात लांब जा आणि ओठांकडे नाही, डोळ्यांखाली आणि नाकाच्या बाजूला बघा. पुसून डाळिंबी लाल लावा, पुन्हा तिथेच बघा. चुकीची लाल लावली की तिथला काळपटपणा वर येतो. बरोबर असेल तेव्हा तो मागे हटतो आणि चेहरा एकसारखा वाटतो. शेंदरीने चेहरा उजळला तर वॉर्म, डाळिंबीने उजळला तर कूल, दोन्ही चालून गेल्या तर न्यूट्रल.

ऑलिव्हची खूण वेगळी. शेंदरी ओठावर वेगळी चिकटवल्यासारखी दिसते, आणि डाळिंबीने कातडी एकदम पिवळी वाटायला लागते. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या बरोबर. अशा वेळी गोंधळून जाऊ नका, तोच निकाल आहे.

कुठल्या अंडरटोनला कुठले रंग?

साडीच्या दुकानातल्या रंगांत सांगते, शेडच्या नावांपेक्षा ते पक्के कळतात.

वॉर्म गव्हाळ असेल तर विटकरी, गेरू, गाजरी, दालचिनीचा तपकिरी, टोमॅटोसारखा लाल. कूल असेल तर डाळिंबी, आमसुली, वाइन, राणी, आणि गडद रंगाला वांगीसुद्धा. न्यूट्रलला दोन्हीकडचे चालतात, फक्त टोकाचे सोडून.

ऑलिव्हला जरा थांबून सांगते, कारण फसगत तिथेच जास्त होते. हिरवट झाकेवर बाळगुलाबी किंवा बबलगम गुलाबी हा सगळ्यात वाईट. गुलाबी आणि हिरवा एकमेकांचे विरोधी रंग आहेत, शेजारी आले की एक दुसऱ्याला उठाव देतो, आणि इथे उठाव हिरव्याला मिळतो. चेहरा आजारी दिसतो तो त्यामुळे. ऑलिव्हला तपकिरीत मुरलेला गुलाबी, विटकरी-गुलाबी, तपकिरी मिसळलेला मरून असे दबलेले रंग शोभतात.

आता गडदपणाचं. तुम्ही जितक्या सावळ्या, तितका रंग गडद किंवा तितका शुद्ध हवा. चांगल्या सावळ्या चेहऱ्यावर झळाळता राणी सुंदर दिसतो, कारण त्यात पांढरं कमी आणि रंग भरपूर असतो. त्याच राणीत दूध ओतल्यासारखी फिकट आवृत्ती मात्र राखेत जाते. “सावळ्या मुलींनी भडक लावू नये” हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, आणि मला विचाराल तर तो पूर्ण उलटा आहे. जपायचं ते फिकटापासून.

माझा वरचा ओठ काळपट आणि खालचा गुलाबी आहे. एकच शेड दोन रंगांत दिसते.

आपल्याकडे हे अगदी नेहमीचं आहे, त्यात रोग काही नाही. बहुतेकजणी त्यावर कन्सीलर किंवा फाउंडेशन चोपडतात आणि वर लिपस्टिक लावतात. तो कन्सीलर म्हणजे पुन्हा पांढऱ्याचाच थर. गडद ओठावर तो बसला की वरची कुठलीही शेड करडी होणार.

त्यापेक्षा वरच्या ओठाला हात न लावता खालचा ओठ त्याच्या जवळ आणा. तपकिरी-विटकरी लायनर घ्या, खालच्या ओठावर हलका भरा, वरच्या ओठावर फक्त कड आखा. आता दोन्ही ओठांचा पाया सारखा झाला, त्यावर शेड एकसारखी बसते. वरचा ओठ निळसर-जांभळा असेल तर गडद केशरी करेक्टर, तो फिकट पीच नको, बोटाच्या टोकावर जेमतेम लागेल एवढा थोपटा. केशरी निळ्याला मारतो. जास्त लावला तर लिपस्टिकच केशरी दिसेल.

काळपटपणा अलीकडे अचानक आला असेल, खाज असेल, ओठ सोलत असतील तर शेड शोधणं थांबवून कातडीच्या डॉक्टरांकडे जा. कधी कधी लिपस्टिकमधल्याच एखाद्या घटकाची ॲलर्जी असते.

न्यूड शेड आम्हाला चालतच नाही का?

चालते. फक्त गोऱ्या मुलीच्या न्यूडला आपला न्यूड म्हणू नका. न्यूड म्हणजे तुमच्या ओठाच्या आणि कातडीच्या जवळचा रंग. गव्हाळ चेहऱ्याला तो कॅरॅमल, गुलाबी-तपकिरी असा निघतो, सावळ्या चेहऱ्याला कोको किंवा तांबूस चॉकलेटी.

एक पक्की परीक्षा आहे आणि ती मोबाइलवर होते. लिपस्टिक लावून खिडकीजवळ फोटो काढा, ब्यूटी फिल्टर बंद ठेवून. मग फोटो एडिट करून काळा-पांढरा करा. आता रंग गेला, फक्त उजळ-गडद उरलं. ओठ भोवतीच्या कातडीपेक्षा उजळ दिसत असतील तर ती शेड तुम्हाला राखट दिसणार, अंडरटोन कितीही जुळला तरी. ओठ कातडीइतकेच किंवा थोडे गडद दिसले तर शेड पास.

एखादं पूर्ण उदाहरण सांगाल का?

तासगावकडची एक नवरी. गव्हाळ रंग, चेहरा उन्हाने रापलेला, मान दोन शेड उजळ, वरचा ओठ तपकिरी-जांभळा. मोबाइलवरच्या रीलमध्ये बघितलेला फिकट न्यूड पिंकच हवा होता. सोबत आलेल्या आत्याबाईंचं म्हणणं, “लालच लाव, लग्न आहे की कार्यालयातली मीटिंग?”

आधी हनुवटीखाली पांढरा कागद धरला. कातडी पिवळी, पण सोनेरी नाही, किंचित हिरवट. दोन लाल लावून बघितल्या. शेंदरी वेगळी पडली, डाळिंबीने गळा हळदुला वाटला. म्हणजे ऑलिव्ह.

मग तिच्या मनातली न्यूड पिंक लावली, कारण न लावता नाही म्हटलं तर पटत नाही. फोटो काळा-पांढरा केला तर ओठ पांढुरके. तिने स्वतःच पुसली. आत्याबाईंची लालही लावून बघितली. ती शेंदराकडची होती, पिवळ्या अष्टपुत्रीसमोर ओठ तेवढे पुढे आले आणि डोळे हरवले.

शेवटी ठरलं ते असं. फाउंडेशन मानेच्या रंगाचं न घेता चेहरा आणि मान यांच्या मधलं, पिवळसर झाकेचं. चेहरा फार उजळला की लिपस्टिकचं गणितच बदलतं, म्हणून ओठ नेहमी फाउंडेशननंतर ठरवायचे. ओठांवर विटकरी-तपकिरी लायनर, खालचा ओठ पूर्ण भरून, वरच्याची कड आणि कोपरे. त्यावर तपकिरीत मुरलेला गडद गुलाबी, एक थर. टिश्यू दाबून जादाचा उचलला, दुसरा थर. खालच्या ओठाच्या मध्यभागी डाळिंबीचा एक ठिपका बोटाने पसरवला, म्हणजे दबलेला रंग मरगळलेला वाटत नाही. तिला गुलाबी मिळाला, आत्याबाईंना लाली. पुन्हा काळा-पांढरा फोटो काढला, ओठ कातडीपेक्षा नीट गडद आले.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी शेड बदलते का?

बदलल्यासारखी वाटते. हळदीतलं कर्क्युमिन कातडीच्या वरच्या थराला रंगवतं आणि तो पिवळेपणा एक-दोन दिवस रेंगाळतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही, ती रंगायला कमी करत नाही! हळद लागलेल्या चेहऱ्यावर अंडरटोन बघितला तर प्रत्येक मुलगी वॉर्म निघेल. म्हणून ट्रायल हळदीच्या आधी करा आणि अंडरटोन तेव्हाच ठरवून ठेवा.

ट्रायलला लग्नाच्या साडीचा ब्लाउज किंवा त्याच रंगाची ओढणी गळ्यापाशी धरा. पिवळा कपडा हनुवटीवर पिवळा उजेड फेकतो आणि फिकट गुलाबी त्यात आणखी मरतो. हळदीच्या दिवशी स्वतः काय लावायचं म्हणाल, तर विटकरी किंवा मरून. फिकट काहीही नको.

दुकानात टेस्टर कुठे लावून बघू?

ओठांवर तर नाहीच. उघडा टेस्टर किती जणींच्या ओठाला लागलाय कोण जाणे, ओठांवर फोड आणणारा नागिणीच्या जातीचा हर्पिस विषाणू असाही पसरतो. मनगटावरची रेघही फसवी, कारण मनगट ओठापेक्षा बरंच उजळ असतं आणि तिथे सगळंच छान दिसतं. बोटाच्या पेराच्या आतल्या बाजूला, म्हणजे अंगठा जिथे उमटवतो तिथे लावा. तो भाग ओठाच्या रंगाला बराच जवळ असतो. मग बोट ओठाजवळ नेऊन आरशात बघा.

आणि दुकानातून बाहेर या. काउंटरवरच्या पिवळ्या दिव्यात सगळं उबदार दिसतं, पांढऱ्या एलईडीखाली सगळं थंड. बोट घेऊन रस्त्यावरच्या सावलीत उभं राहून बघायला दुकानदार नाही म्हणत नाही. म्हणाला, तर शेजारी दुसरं दुकान आहे.

राखट दिसणारी शेड आधीच घेतली आहे. फेकून देऊ?

नको. तिच्यात दुसरी गडद लिपस्टिक मिसळण्याचा मोह होतो, पण पांढरं तसंच राहतं आणि मळकट जांभळा तयार होतो. मिसळण्यापेक्षा खाली पाया घाला: विटकरी लायनरने पूर्ण ओठ भरा आणि ही शेड फक्त मध्यभागी, बोटाने, अगदी पातळ. वर थोडा लिप बाम थोपटा. तेलकट थराने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि रंग खोल दिसतो. मॅटचा टिकाऊपणा मात्र जाईल, जेवणानंतर पुन्हा लावावी लागेल.

तपकिरी लिपस्टिक लावली होती, दोन तासांत गुलाबी झाली. असं का?

काही लिपस्टिकमध्ये ओठाला डाग पाडणारे रंग असतात, लाल २१ आणि लाल २७ या जातीचे, खोक्यावर सी. आय. ४५३८० किंवा ४५४१० असे आकडे दिसतात. वरचा तपकिरी थर चहाच्या कपाला लागून जातो आणि मागे हा निळसर गुलाबी डाग उरतो. वॉर्म किंवा ऑलिव्ह कातडीला तो खटकतो. अशा मुलींनी हे आकडे टाळावेत, आणि नवीन शेड पहिल्यांदा घरी जेवणानंतरही कशी दिसते ते बघावं. कूल असाल तर हाच डाग तुमच्या कामाचा आहे.

खोक्यावर वाचून पांढरं किती आहे ते कळतं का?

नाही. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे सी. आय. ७७८९१, तो आकडा जवळजवळ प्रत्येक लिपस्टिकवर सापडेल, गडद लालवरही. रंगद्रव्यं यादीच्या शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिलेली चालतात, बऱ्याचदा सगळ्या शेड्सची मिळून एकच यादी असते. त्यावरून प्रमाण लागत नाही. कांडीकडे बघा. दुधाळ, अपारदर्शक, खडूसारखी दिसणारी असेल तर पांढरं भरपूर. बोटावर एकच पातळ रेघ ओढा. रेघेच्या कडा पांढुरक्या दिसल्या तर ठेवून द्या.

ऑनलाइन मागवताना काय बघू?

शेडच्या नावावर जाऊ नका. “न्यूड”, “रोझ”, “मोका” ही नावं प्रत्येक कंपनीत वेगळी असतात. मॉडेलचा फोटोही बाजूला ठेवा. खाली ग्राहकांनी टाकलेले फोटो असतात, त्यात तुमच्याइतकाच रंग आणि तुमच्यासारखाच काळपट वरचा ओठ असलेली बाई शोधा, आणि तिचा फोटो दिवसाच्या उजेडातला आहे ना ते बघा. सापडली नाही तर पहिल्यांदा छोटी, स्वस्त ट्यूब मागवा. दोन शेडमध्ये अडलात तर गडद घ्या. गडद रंग बोटाने थोपटून पातळ करता येतो, फिकट रंगातलं पांढरं काढता येत नाही.